दुःखाचे इंग्रजी

माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. तेरावे झाल्यावर त्याच्या कपाटातल्या वस्तू आवरताना एक टॉफीचा जुना पत्र्याचा डबा सापडला, आणि त्यात नाताळची 44 कार्डे. सगळी एकाच हस्ताक्षरातली, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डहून आलेली. दादा 1971 ते 1976 अशी पाच वर्षे तिथल्या एका लोकरीच्या गिरणीत कामाला होता आणि एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होता. पुढे तो इचलकरंजीला परतला, त्याने माग घातले, संसार केला. पण त्या बाईंचे कार्ड डिसेंबरात येत राहिले आणि दादाचेही जात राहिले. त्या वेळी तिशीत असलेल्या त्या बाई आता पंच्याऐंशीच्या घरात असणार. त्यांना कळवायला हवे होते, आणि घरात इंग्रजीची प्राध्यापक म्हणून मी होते. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. पत्र मीच लिहावे हे न बोलता ठरले.

मी लिहिलेला पहिला मसुदा अजून माझ्याकडे आहे. वाचकांपुढे तो ठेवताना संकोच वाटतो, पण या लेखाचा सगळा मुद्दा त्या चार वाक्यांत असल्यामुळे इलाज नाही. मायना होता 'रिस्पेक्टेड मॅडम'. मग: 'विथ प्रोफाउंड ग्रीफ आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू द सॅड डिमाइज ऑफ माय एल्डर ब्रदर, हू लेफ्ट फॉर हिज हेवनली अबोड ऑन द ट्वेल्फ्थ इन्स्टंट आफ्टर अ ब्रीफ इलनेस. ही वॉज हॅविंग हाय रिगार्ड फॉर युवर गुड सेल्फ. काइंडली कन्व्हे द सेम टू ऑल कन्सर्न्ड. थँकिंग यू इन अँटिसिपेशन.'

दादाच्या मुलीने ते वाचले. ती पुण्यात एका कंपनीत आहे, दिवसभर परदेशी लोकांशी इंग्रजीतच बोलते. तिने कागद खाली ठेवला आणि विचारले, "आत्या, हे बँकेला लिहिलंयस का?"

मला राग आला. व्याकरणाची एक चूक सोडली तर (तिच्याकडे नंतर येते) पत्रात दोष नव्हता. आणि मी रडत रडत लिहिले होते. रडत लिहिलेले पत्र बँकेला लिहिल्यासारखे का व्हावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. पुढचे सगळे त्या प्रश्नाचा पाठलाग आहे.

सोपे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते: साहेबाच्या कचेरीने आपल्याला हे इंग्रजी दिले. ते खरेही आहे. माझ्या मसुद्यातला 'इन्स्टंट' म्हणजे 'चालू महिन्याची'. मागच्या महिन्याला 'अल्टिमो', पुढच्याला 'प्रॉक्सिमो'. हे व्यापारी पेढ्यांच्या पत्रव्यवहारातले शब्द, आणि ते माझ्यापर्यंत माझ्या वडिलांच्या टपालातून आले. ते मामलेदार कचेरीत कारकून होते. परंतु या उत्तरावर थांबले की एक गोष्ट निसटते. हा रोग मूळचा साहेबाचाच, आणि तो त्यालाही छळत होता. फाउलर बंधूंनी 1906 साली 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले ते इंग्रज लेखकांसाठी. लांबच्या शब्दापेक्षा ओळखीचा, लांबलचकपेक्षा आखूड, अमूर्तापेक्षा डोळ्यांना दिसणारा शब्द घ्यावा, हे त्यांना आपल्याच लोकांना सांगावे लागले. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 1948 साली 'प्लेन वर्ड्स' लिहिले ते तर ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून, ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी. म्हणजे ज्या कारकुनी इंग्रजीतून इंग्रज बाहेर पडू पाहत होते, तेच आपण सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. वर आपल्याला हसायलाही ते मोकळे होते: भारतीयांच्या इंग्रजीतल्या गमती गोळा करणारे 'बाबू इंग्लिश' या नावाचे अर्नोल्ड राइट यांचे पुस्तक 1891 मध्ये लंडनला निघाले. अशा हसण्याचा परिणाम काय होतो हे शिक्षकाला पुस्तकाविना कळते. हसलेला विद्यार्थी सोपे लिहीत नाही; तो अधिक जपून, अधिक छापील लिहितो. चूक होणार नाही अशी जागा म्हणजे आधी कोणीतरी लिहून ठेवलेले वाक्य.

मात्र कचेरीने शब्द दिले, गरज दिली नाही. गरज आमची होती. मला माझ्याच मसुद्याकडे नीट पाहिल्यावर ती दिसली.

'रिस्पेक्टेड मॅडम', 'युवर गुड सेल्फ', 'काइंडली': हे तीन प्रयोग बाजूला काढा. तिन्हींचे काम एकच आहे, आदर दाखवणे. मराठीत मला यासाठी वेगळे शब्द लागलेच नसते. 'तुम्ही' म्हटले, 'आपण' म्हटले, 'कळवावे' असे क्रियापदाचे रूप वापरले की झाले. आपला आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेपटीत राहतो. तो वाक्यात इतका मुरलेला असतो की तो आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजीत वाक्य लिहायला बसले की 'यू' एकटाच उभा असतो, नातवालाही तोच आणि न्यायाधीशालाही तोच. वयाने वडील बाईंना नुसते 'यू टेल देम' लिहिणे म्हणजे त्यांना 'तू सांग' म्हटल्यासारखे माझ्या कानाला लागते. आदराला राहायला घर उरत नाही, म्हणून आपण त्याच्यासाठी बाहेर मांडव घालतो: काइंडली, रिस्पेक्टेड, युवर गुड सेल्फ.

गंमत अशी की इंग्रजीतही आदराला घर आहे, पण ते दुसऱ्या गल्लीत आहे. ते प्रश्नात आहे आणि 'कुड', 'वुड'सारख्या क्रियापदांत आहे. 'कुड यू टेल देम?' हे वाक्य 'काइंडली टेल देम'पेक्षा कितीतरी मऊ आहे, कारण ते ऐकणाऱ्याला नाही म्हणायची जागा ठेवते. 'काइंडली' ठेवत नाही. उलट इंग्लंडातल्या कानाला 'काइंडली' बऱ्याचदा दटावल्यासारखा ऐकू येतो, 'काइंडली रिमूव्ह युवर शूज' म्हणणाऱ्या चिडक्या मास्तरासारखा. मी आदरापोटी घातलेला शब्द पलीकडे आठ्यांसकट पोचला असता. भाचीने मला पहिला धक्का दिला तो हा.

दुसरा धक्का 'डिमाइज'चा.

हा शब्द मी का घेतला? कारण मला 'डाइड' लिहवेना. मराठीत माणसाला 'मेला' म्हणत नाहीत. शत्रूला म्हणतात, किंवा रागात. आपला माणूस जातो, वारतो. कोणाला देवाज्ञा होते, कोणाचे निधन होते. 'डाइड' या शब्दाकडे पाहिले की मला त्याच्या मागे 'मेला' दिसतो आणि हात थांबतो. पण हा मागचा शब्द इंग्रजीतला नाही, माझ्या डोक्यातला आहे. इंग्रजीत 'डाइड' हा ना उणा ना अधिक असा शब्द आहे. नवरा गेलेली बाई तोच वापरते, वृत्तपत्राचा मृत्युलेखही तोच वापरतो. त्याला 'मेला'चा ओरखडा नाही. 'पास्ड अवे' त्याहून थोडा मऊ, आपल्या 'गेला'च्या जवळचा, तोही चालतो. आपण ज्याला सभ्य समजून बिनदिक्कत वापरतो तो 'एक्स्पायर्ड' मात्र तिकडच्या माणसाला आधी परवाना, तिकीट नाहीतर दुधाची बाटली आठवून देतो.

आणि 'डिमाइज'? हा मूळचा मालमत्तेच्या कायद्यातला शब्द. मालकी किंवा भाडेहक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे डिमाइज. आपल्याकडच्या भाडेपट्ट्यांतही 'डिमाइज्ड प्रेमिसेस' असे आजही लिहिलेले सापडेल. राजा मेला की राज्य वारसाकडे जाते, त्या हस्तांतरालाही हाच शब्द, आणि तिथून तो मरणाला लागला. भाचीला हा इतिहास माहीत नव्हता, पण तिच्या कानाला बँक ऐकू आली ती उगीच नाही. शब्दाच्या कपड्यांना दस्तऐवजाचा वास होता.

मला वाटते आपली खरी गफलत इथे आहे, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात कुठे सांगितलेली नाही. मराठीत आपण दोन मजल्यांवर राहतो. खाली पाणी, डोळा, घर. वर जल, नेत्र, निवास. प्रसंग गंभीर झाला की आपण जिना चढून संस्कृताच्या मजल्यावर जातो, आणि ते योग्यच असते. 'निधन' या शब्दात थंडपणा नाही. त्यात गेलेल्या माणसाचा मान आहे. इंग्रजीलाही असेच दोन मजले आहेत. 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंच आणि मागून लॅटिन शब्दांचा वरचा मजला चढला. 'बिगिन' खाली, 'कमेन्स' वर. तेव्हा आपण सहज समजतो की दुःखाच्या वेळी तिकडेही वर जायचे असते. पण तिकडचा जिना बहुधा उलटा वापरतात. करार, न्यायालय, विद्यापीठ यांसाठी माणूस वर जातो. मरण, भूक, प्रेम, आई यांसाठी खाली उतरतो. वरच्या मजल्यावरून सांत्वन केले तर बोलणारा दूर उभा आहे असे वाटते. मी ज्या पायरीने मान द्यायला चढले, त्याच पायरीने त्या बाईंपासून लांब गेले.

'माय एल्डर ब्रदर'चेही असेच. दादा थोरला होता हे आपल्या नात्याच्या शब्दातच आहे. धाकटा असता तर तो दादा नसताच. इंग्रजीत 'ब्रदर'ला वय नाही, आणि ज्या बाईंनी त्याला पाच वर्षे जेवायला घातले त्यांना तो थोरला की धाकटा हे कळून काय करायचे होते?

आता ती व्याकरणाची चूक. 'ही वॉज हॅविंग हाय रिगार्ड'. इथे 'हॅड' हवे होते. 'असणे' या अर्थाचे 'हॅव' चालू काळात घेत नाहीत हे मी पिढ्यांना शिकवले आणि घाईत स्वतःच चुकले. ही आपली खास खूण. निसिम इझिकेल यांनी तिच्यावर कविताच केल्या, मुद्दाम भारतीय वळणाच्या इंग्रजीत. त्यांतली मिस पुष्पा यांच्या निरोपसमारंभाची कविता आम्ही वर्गात शिकवायचो आणि वर्ग हसायचा. इझिकेल बेने इस्रायल समाजातले, मुंबईत वाढलेले, मराठी त्यांच्या घरातली. ते बाहेरून हसत नव्हते. तरीही ही कविता शिकवण्याची आमची पद्धत चुकली असे मला आता वाटते. आम्ही मुलांना सांगितले, पाहा, चालू काळ कसा चुकतो. वास्तविक त्या भाषणातला चालू काळ बोलणाऱ्याला जवळ आणतो. त्या चुकांमधून एक भाबडा, भला माणूस समोर उभा राहतो. त्याला हास्यास्पद करतो तो निरोपसमारंभाचा ठरीव साचा. मिस पुष्पाबद्दल जे म्हटले जाते ते कोणत्याही बदली होऊन जाणाऱ्या बाईबद्दल म्हणता आले असते, आणि वक्ता मधूनच भलतीकडे वाहवत जातो ते त्याला तिच्याविषयी सांगण्यासारखे काही सापडत नाही म्हणून. माझ्या पत्रातही चुकीचे वाक्य हेच एक किंचित जिवंत होते. दादाला त्या बाईंबद्दल काही वाटत होते, एवढे तरी त्यात होते. बाकीची बिनचूक वाक्ये कोणाच्याही मरणाला लागू पडली असती.

ही कसोटी मी पुढे इतरांच्या लिखाणालाही लावून पाहिली आणि ती उपयोगी पडते. पत्रातले नाव बदलून ते दुसऱ्या कोणाला पाठवता येते का? येत असेल तर आपण अजून काही लिहिलेलेच नाही. दुसरी कसोटी भाचीने शोधली, तीही गमतीने. तिने पेन्सिलीने माझ्या मसुद्यातल्या क्रियापदांखाली रेघा मारल्या. 'रिग्रेट', 'इन्फॉर्म', 'लेफ्ट', 'हॅविंग', 'कन्व्हे'. मग म्हणाली, "यात बाबा गेलेच नाहीत बघ. तू खेद व्यक्त केलास, कळवलंस, ते कुठल्या तरी निवासस्थानी रवाना झाले. गेलं कुणीच नाही."

जाणे 'डिमाइज' या नामात कोंडले गेले होते. याचेही मूळ मराठीत आहे. आपल्याकडे नाम घेऊन त्याला 'करणे', 'घेणे', 'होणे' जोडायची फार सोय आहे: चौकशी करणे, निर्णय घेणे, पाहणी करणे, निधन होणे. मराठीत ही जोडी एक क्रियापदच असते; 'त्याने चौकशी केली' यात जडपणा नाही. पण तीच जोडी इंग्रजीत उतरली की 'मेड अ‍ॅन एन्क्वायरी', 'टुक अ डिसिजन', 'कंडक्टेड अ‍ॅन इन्स्पेक्शन' होते. या जोड्या चुकीच्या नाहीत, इंग्रजही वापरतात. पण त्यांच्यापाशी 'आस्क्ड', 'डिसायडेड', 'लुक्ड' असे एकशब्दी क्रियापद तयार असते आणि बोलताना ते तेच उचलतात. आपल्याला ते चटकन सुचत नाही, कारण आपल्या मनात नाम आधी येते.

या टप्प्यावर मी दुसरा मसुदा केला, तो पहिल्याहून वाईट होता. कचेरी गाळायची म्हणून मी जिवंत इंग्रजी लिहायला गेले आणि शाळेतल्या वाक्प्रचारांची पोतडी उघडली. दादा सिंहासारखा झुंजला, डॉक्टरांनी एकही दगड उलटायचा ठेवला नाही, काळाने अखेर आपला कर वसूल केला. हे सगळे मी विद्यार्थ्यांना गुणांसाठी पाठ करून घेतलेले. त्यात खोटेपणाही होता. दादा झुंजला वगैरे नव्हता; तो शांतपणे पडून असे आणि चहा मागे.

छापून आलेली, डोळ्यांना सरावलेली उपमा वापरू नका, असे जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बजावले आहे. ते वाचून मी पूर्वी मान डोलवत असे. आता वाटते, हा सल्ला ज्याची ती मातृभाषा आहे त्याला देणे सोपे. त्याच्यापाशी छापलेल्याखेरीज ऐकलेले इंग्रजी असते, आईचे, गल्लीतले. माझे जवळजवळ सगळे इंग्रजी छापील आहे. जे कुठे वाचले नाही ते लिहिले तर ते ताजे आहे की चूक, हे मला कळत नाही. 'बोलता तसे लिहा' हाही असाच एक सल्ला. मी इंग्रजी बोलते ते पुस्तकासारखेच. मग दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याने साधेपणा आणायचा कोठून?

याचे एक उत्तर माझ्याजवळ वर्षानुवर्षे होते, अभ्यासक्रमाच्या पुस्तकात: अरुण कोलटकरांचे 'जेजुरी'. हा संग्रह 1976 चा, त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यातली म्हातारीची कविता घ्या. एक म्हातारी यात्रेकरूची बाही धरते, सोबत चालू लागते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेची जागा दाखवते म्हणते. त्याने ती आधीच पाहिलेली असते. तो तिला झटकू पाहतो, मग ती एक वाक्य बोलते आणि त्याच्या नजरेसमोरचे सगळे तडकते. यातली क्रियापदे पाहिली तर धरणे, मागणे, म्हणणे, वळणे, पाहणे अशी आहेत. प्रत्येक वाक्यात कोणीतरी हाताने किंवा डोळ्याने काहीतरी करते आहे. इंग्रजी शिकायला लागलेल्या मुलालाही यातले बहुतेक शब्द ठाऊक असतात. भारतीय रंग आणण्यासाठी मोडके व्याकरण नाही, इंग्रज वाचकासाठी तळटीप नाही, पन्नास पैशांचा अर्थ सांगितलेला नाही. आणि ही भाषा लंडनचीही नाही. कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत, पोटासाठी जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार होते. तिथे फाजील शब्दाला पैसे पडतात हे त्यांच्या अंगवळणी पडले असेल, असा आपला माझा तर्क. मुद्दा एवढाच की त्यांचे इंग्रजी कोठूनही उसने वाटत नाही, कारण ते आधी म्हातारीकडे पाहते. भाषेचा साधेपणा तिथे कानातून आलेला नाही, डोळ्यांतून आला आहे. आणि डोळे दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यालाही पहिल्याच भाषेतले असतात.

भाची हे कोलटकर वगैरे न वाचता त्याच ठिकाणी पोचली. ती म्हणाली, "इंग्रजी राहू दे. त्या बाई इथे समोर बसल्यात आणि त्यांना मराठी कळतं असं समज. काय सांगशील?" मी सांगितले: "दादा बारा तारखेला गेला. तीन आठवडे अंथरुणाला होता. शेवटी फार हाल झाले नाहीत. तुमची फार आठवण काढायचा. तुमची सगळी कार्डं त्यानं तुम्ही दिलेल्या डब्यात जपून ठेवली होती." आणि ती एकेक वाक्य घेऊन बसली.

बारा तारखेला गेला: 'माय ब्रदर डाइड ऑन द ट्वेल्फ्थ ऑफ मार्च.' मी डोळे मिटून तो शब्द लिहिला. तीन आठवडे: 'ही हॅड बीन इल फॉर थ्री वीक्स.' इथे माझ्या 'ब्रीफ इलनेस'पेक्षा आठवड्यांचा आकडा बरा, हे लगेच पटले. 'हाल झाले नाहीत' याला वेळ लागला. 'सफर' फार मोठा वाटला. शेवटी 'ही वॉज नॉट इन पेन अ‍ॅट द एंड' ठरले. हालांतल्या इतर गोष्टी त्यात आल्या नाहीत, त्या गेल्या. खरी अडचण 'आठवण काढणे' इथे आली. 'रिमेम्बर्ड यू' म्हटले तर त्याला विसर पडला नव्हता एवढेच निघते. मिस करणे त्याहून वेगळे. मग लक्षात आले की मराठीत आठवण येते ती मनात, पण काढतात ती तोंडाने, दुसऱ्यांपाशी. म्हणून 'ही ऑफन टॉक्ड अबाउट यू'. असा साधा शब्द सापडायला मराठी शब्दाचा अर्थ आधी मराठीतच उलगडावा लागला.

कार्डांचे वाक्य सर्वांत सोपे गेले, कारण त्यात डबा होता. 'ही केप्ट ऑल युवर कार्ड्स इन द टॉफी टिन यू गेव्ह हिम. वी काउंटेड देम. देअर आर फॉर्टी-फोर.' आणि 'ऑल कन्सर्न्ड'च्या जागी: 'इफ यू नो एनीवन फ्रॉम द मिल हू मे रिमेम्बर हिम, कुड यू टेल देम?' शेवटचे आगाऊ आभार गेले. मायन्यात 'डिअर' आणि दादा कार्डांवर लिहायचा तेच, बाईंचे पहिले नाव. पंच्याऐंशीच्या बाईला एकेरी हाक मारल्यासारखे मला अजूनही वाटते. ते वाटणे मी तसेच राहू दिले आणि पत्र टपालात टाकले.

इथे एक सांगायला हवे, नाहीतर मी साधेपणाची सरसकट वकिली करते आहे असे होईल. त्याच आठवड्यात मी गावाकडच्या भाऊबंदांना मराठीत पत्रे लिहिली. त्यांत 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' होते, 'देवाज्ञा' होती, आणि ती पत्रे बरोबर होती. तिथे साचा म्हणजे रीत आहे, ती मोडली असती तर मीच परकी ठरले असते. 'डू द नीडफुल'वर हसणारे तरुण भेटतात, त्यांनाही माझे म्हणणे असे की आपल्या दोन कचेऱ्यांमध्ये ते बिनबोभाट चालते, त्याने कोणाचे अडत नाही. आणि भारतीय म्हणून जे हटकले जाते ते सगळे ताठर नसते. 'प्रीपोन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द, 'पोस्टपोन'च्या उलट. आखूड, उघड, एका फटक्यात समजणारा. तो सोडून 'टू अ‍ॅडव्हान्स द डेट ऑफ' म्हणण्यात काय शहाणपण? परका वाचक असेल तर तो शब्द एकदा विचारून घ्यावा, इतकेच.

बाईंचे उत्तर सहा आठवड्यांनी आले. दोन पाने, अक्षर थरथरते. आरंभी 'थँक यू फॉर टेलिंग मी', मग गिरणीतल्या दोघांची नावे, त्यांतले एक हयात नाहीत. मग लिहिले होते की दादा संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्रे लिही आणि अडला की शब्द विचारी. एकदा त्याने गिरणीच्या मॅनेजरसाठी रजेचा अर्ज लिहिला होता. पूर्ण पानभर. सुरुवात 'आय बेग टू स्टेट' अशी होती. बाईंनी विचारले, तू भीक कशाची मागतो आहेस? तो गोंधळला. त्या म्हणाल्या, तुला काय हवे आहे ते मला सांग. त्याने सांगितले, आणि त्यांनी जसे ऐकले तसे त्याला लिहायला लावले. दोन ओळी झाल्या. त्या त्यांना अजून आठवत होत्या, कारण मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी सही केली आणि दादा आनंदाने टॉफी घेऊन आला. तोच तो डबा, रिकामा झाल्यावर त्यांनी त्यालाच परत दिला.

'माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड. आय नीड फाइव्ह वीक्स टू गो होम.'

ते 1974 साल होते. लग्न माझे होते. दादा आदल्या रात्री पोचला, अंगात लोकरीचा कोट, मे महिन्यात.